एक, एक, तीन, एक, एक : क्यूआर कोडभोवतीच्या कोऱ्या जागेची गोष्ट

(हा या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना जे हातवारे करून सांगितलं, ते इथे शब्दांत लिहिलंय.)



आज आपण जपानला जाणार आहोत, १९९० च्या दशकातल्या एका कारखान्यात. पण त्याआधी लालबागला थोडं थांबू या. कारण जपानमधली ती गोष्ट मला नीट कळली ती लालबागमध्ये झालेल्या माझ्या एका फजितीमुळे.

झालं असं, की गिरणगावावर आम्ही एक छोटं प्रदर्शन भरवलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या काळातल्या लोकांच्या आठवणी आम्ही दोन वर्षं रेकॉर्ड करत होतो. साचेवाले, बॉबिन भरणारे, खानावळ चालवणाऱ्या बायका. त्यातून निवडलेल्या चौदा आठवणी आणि चौदा पोस्टरं. प्रत्येक पोस्टरवर एक फोटो, चार ओळी मजकूर आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन करायचा, की त्या माणसाचा आवाज थेट तुमच्या कानात. कल्पना एकदम भारी! पोस्टरं मीच केली होती. कोडही मीच टाकले होते.

पहिल्या संध्याकाळी एक मावशी आल्या, सोबत कॉलेजातला नातू. सात नंबरच्या पोस्टरवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता. रेकॉर्डिंग झाल्यावर वर्षभरातच ते गेले. मावशींनी ते रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नव्हतं. नातवाने फोन काढला, कोडसमोर धरला. काही नाही. जवळ नेला, लांब नेला, तिरका केला. तरी काही नाही. शेवटी मावशी म्हणाल्या, "राहू दे रे, आपल्या फोनमध्ये नसेल ते." आणि पुढच्या पोस्टरकडे वळल्या.

मंडळी, बिघाड फोनमध्ये नव्हता. तो मी छापलेल्या पोस्टरमध्ये होता. चौदाच्या चौदा पोस्टरांत.

आता प्रश्न असा, की हाच क्यूआर कोड चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर, तेलाचे डाग पडलेले असतानासुद्धा झटक्यात चालतो. मग माझ्या गुळगुळीत छापलेल्या पोस्टरवर का चालला नाही? याचं उत्तर हवं असेल तर हा कोड कुठे आणि कशासाठी जन्माला आला, ते बघावं लागतं.

कारखान्यातला जन्म

जपानच्या आइची प्रांतात कारिया नावाचं शहर आहे. तिथे डेन्सो ही मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. १९४९ पर्यंत ती टोयोटाचाच एक भाग होती, नंतर वेगळी झाली. टोयोटाच्या कारखान्यांत 'कानबान' नावाची पद्धत होती. सुट्या भागांच्या प्रत्येक खोक्याबरोबर एक चिठ्ठी फिरायची. कुठला भाग, किती नग, कुठून आला, कुठे जायचा, सगळं त्या चिठ्ठीवर. पुढे या चिठ्ठ्यांवर बारकोड आले, म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर असतात तसे उभ्या रेघांचे पट्टे.

बारकोडची अडचण अशी, की त्यात माहिती एकाच दिशेने भरलेली असते, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे एका पट्ट्यात साधारण वीसेक अक्षरं मावतात. गाड्यांची मॉडेलं वाढली, भाग वाढले, तशी एकेका खोक्यावर बारकोडांची रांगच लागायला लागली. कामगार दिवसभर बंदूक धरल्यासारखा स्कॅनर धरून एकामागून एक पट्टे वाचत बसायचे. त्यात हात तेलकट, कागद मळके.

डेन्सोमध्ये मासाहिरो हारा नावाचे इंजिनियर होते. १९९२ मध्ये त्यांनी यावर काम सुरू केलं, सोबतीला अगदी छोटी टीम. जेवणाच्या सुट्टीत हारा 'गो' खेळायचे. म्हणजे जाळीदार पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडायचा खेळ. त्या पटाकडे बघताना त्यांना आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी माहिती भरायची कल्पना सुचली. काळं घर, पांढरं घर, बस्स.

पण माहिती भरणं हा सोपा भाग होता. अवघड भाग वेगळाच होता. खोक्यावर कोडशेजारी अक्षरं असतात, कंपनीचं चिन्ह असतं, रेघा असतात. एवढ्या गर्दीत यंत्राने आपला कोड नेमका कुठे आहे हे ओळखायचं कसं? आणि तेही एका क्षणात.

उपाय निघाला तो म्हणजे कोपऱ्यातले चौकोन. क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात ना, काळी चौकट, आत पांढरी चौकट, मध्ये काळा ठोकळा? त्यांना आपण 'डोळे' म्हणू. यंत्राने आधी डोळे शोधायचे. तीन डोळे सापडले, की कोड कुठे आहे ते कळलं. चौथ्या कोपऱ्यात असा डोळा नाही, त्यावरून कोडची वरची बाजू कुठली तेही कळलं.

मात्र अट एकच. तसा आकार आजूबाजूच्या छपाईत सहसा सापडता कामा नये, नाहीतर यंत्र भलत्यालाच डोळा समजेल. म्हणून हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने चक्क छापील कागद गोळा केले. जाहिरातीची पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी. त्यांवरच्या चित्रांत आणि अक्षरांत काळ्या-पांढऱ्या भागांची रुंदी कुठल्या प्रमाणात येते हे ते मोजत बसले. सगळ्यात कमी वेळा आढळणारं प्रमाण निघालं १:१:३:१:१. एक भाग काळा, एक पांढरा, तीन काळे, एक पांढरा, एक काळा.

हेच प्रमाण त्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या मधोमध पट्टी ठेवा आणि घरं मोजा, एक-एक-तीन-एक-एक. गंमत म्हणजे पट्टी आडवी ठेवा, उभी ठेवा, तिरकी ठेवा, मध्यातून जात असेल तर प्रमाण तेच राहतं. म्हणून कोड कसाही धरला तरी वाचता येतो. १९९४ मध्ये डेन्सोने हा कोड जाहीर केला. नाव ठेवलं क्विक रिस्पॉन्स, म्हणजे झटपट प्रतिसाद. त्याचंच झालं क्यूआर.

पांढऱ्या जागेचं काम

आता माझ्या पोस्टरकडे येऊ.

माझ्या पोस्टरची पार्श्वभूमी होती गिरणीच्या जुन्या भिंतीचा फोटो. विटा, सावल्या, मधूनच चिमणीची काळी कड. कोड बनवणाऱ्या वेबसाइटने कोडभोवती पांढरी कड दिली होती. मी ती कापून टाकली! म्हटलं, पांढरा चौकोन पोस्टरवर ठिगळासारखा दिसतोय. कोड थेट विटांवर बसवला, एकदम फिट.

आता तो १:१:३:१:१ आठवा. डोळ्यातला सगळ्यात बाहेरचा काळा भाग एक घर रुंद आहे. पण त्याच्या बाहेर लगेच काळपट वीट सुरू झाली, तर यंत्राला तो काळा पट्टा एक घराचा दिसणारच नाही. वीट आणि चौकट मिळून तीन घरं, चार घरं, कितीही. म्हणजे १:१:३:१:१ च्या जागी झालं ४:१:३:१:१. हा डोळा नाही, असं म्हणून यंत्र पुढे गेलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला जे शोधायला सांगितलं होतं, ते मी पुसून टाकलं होतं.

म्हणून कोडभोवती चारी बाजूंनी चार घरांइतकी जागा कोरी सोडायची असते. क्यूआर कोडच्या आंतरराष्ट्रीय मानकातच हे लिहिलेलं आहे. तिला क्वाएट झोन म्हणतात, म्हणजे शांत जागा. तिथे मजकूर नको, रेघ नको, फोटो नको, नक्षीची चौकटही नको. ही जागा दिसायला रिकामी असली तरी ती कोडचाच भाग आहे.

इथे अनेक जण म्हणतात, "अरे पण क्यूआर कोड स्वतःला दुरुस्त करतो ना?" करतो. त्यात रीड-सॉलोमन नावाचं गणित आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी ते १९६० मध्ये मांडलं. गाण्यांच्या सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं चालायचं, ते याच गणितामुळे. क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, एल, एम, क्यू आणि एच. एल पातळीवर साधारण ७ टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळते, एम वर १५, क्यू वर २५ आणि एच वर ३० टक्के. तेलाचे डाग पडलेला टपरीवरचा कोड चालतो तो या हिशेबाने.

पण ही दुरुस्ती कधी सुरू होते? कोड सापडून आतली घरं वाचल्यानंतर. डोळेच सापडले नाहीत तर दुरुस्त करायला हातात काहीच नसतं. डोळे आणि भोवतीची कोरी जागा या दुरुस्तीच्या कक्षेत येतच नाहीत. मी सगळ्यात वरची एच पातळी निवडली होती आणि निर्धास्त होतो. कुलूप भक्कम लावलं, पण दारच विटांनी बुजवून टाकलं, असा तो प्रकार.

घरं किती, अंतर किती

एच पातळीने आणखी एक घोळ केला. दुरुस्तीची सोय फुकट मिळत नाही. त्यासाठी जादा माहिती भरावी लागते, म्हणजे जादा घरं लागतात. शिवाय माझी लिंक लांबलचक होती. फाइल जिथे ठेवली होती तिथली लिंक जशीच्या तशी उचलली, शेपटासकट. ११७ अक्षरं!

सगळ्यात छोट्या क्यूआर कोडमध्ये एका ओळीत २१ घरं असतात. माहिती वाढेल तशी ती चार-चारने वाढतात, २५, २९, ३३, असं करत थेट १७७ पर्यंत. ११७ अक्षरं आणि एच पातळी मिळून माझा कोड झाला ५७ घरांचा. आणि छापला होता किती? तीन सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरला ५७ ने भागा. एक घर जेमतेम अर्धा मिलिमीटर. शाई थोडी पसरली तरी शेजारचं घर गिळून टाकेल.

आता अंतर बघा. पोस्टरांसमोर आम्ही टेबलं मांडली होती. त्यांवर बॉबिन, धोटे, पगाराची जुनी पाकिटं. त्यामुळे माणूस पोस्टरपासून साधारण एक मीटरवर उभा राहायचा. छपाईवाल्यांत एक ढोबळ नियम चालतो. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा, त्याच्या एक दशांश रुंदीचा कोड हवा. एक मीटर असेल तर दहा सेंटिमीटर. पण हा हिशेब साधारण २५ घरांच्या साध्या कोडसाठी आहे. घरं दाट असतील तर त्याच पटीत आकार वाढवायचा. ५७ म्हणजे २५ च्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त. म्हणजे माझा कोड एक मीटरवरून आरामात वाचायला जवळजवळ २३ सेंटिमीटरचा हवा होता. मी दिला होता तीन! महागडे फोन या नियमापेक्षा बरंच जास्त करून दाखवतात, पण पोस्टर बनवताना चार-पाच वर्षं जुना, काच तडकलेला फोन डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

टपरीवरचा पैसे घेण्याचा कोडही तसा दाटच असतो, कारण त्यात खात्याचा पत्ता, नाव वगैरे बरंच भरलेलं असतं. पण तो पांढऱ्या पाटीवर असतो, तळहाताएवढा असतो आणि तुम्ही फोन वीतभर अंतरावर धरता. कारियाच्या कारखान्यातही असंच होतं. स्कॅनर चिठ्ठीच्या जवळ, चिठ्ठी कामगाराच्या हातात. भिंतीवरच्या पोस्टरला मात्र ही सवलत मिळत नाही.

रंग

तिसरी चूक रंगाची. जुनेपणा दिसावा म्हणून मी कोड तपकिरी केला, विटांच्या भिंतीवर तपकिरी. माणसाच्या डोळ्याला लालसर आणि तपकिरी वेगळे दिसतात. पण कोड वाचताना फोन रंगाचा विचार करत नाही. आधी सगळं करड्या छटांमध्ये बदलतो आणि मग ठरवतो, इतक्याच्या वर पांढरं, इतक्याच्या खाली काळं. तपकिरी आणि विटकरी, दोन्हींची करडी छटा जवळजवळ सारखी. मग त्याने कुठलं घर काळं धरायचं?

ही भानगड जुनी आहे. दुकानांतले सुरुवातीचे बारकोड स्कॅनर लाल लेझरचे होते. लाल उजेडात लाल शाई पांढऱ्या कागदासारखीच चमकते, म्हणून पांढऱ्यावर लाल रेघांचा बारकोड त्या स्कॅनरला दिसतच नसे. फोनला लाल रंग दिसतो, पण पिवळा, केशरी, फिकट निळा यांची पांढऱ्यावर तीच गत होते.

तपासायची युक्ती सोपी आहे. पोस्टरचा फोटो काढा आणि फोनमधल्या फिल्टरने तो ब्लॅक अँड व्हाइट करा. कोडची घरं ठसठशीत काळी दिसली तर ठीक. सगळं धुरकट दिसलं तर फोनलाही तसंच दिसणार आहे. दुसरं म्हणजे गडद पार्श्वभूमीवर पांढरा, असा उलटा कोड टाळा. काही ॲप तो वाचतात, काही नाही. आणि समोरच्या माणसाकडे कुठलं ॲप आहे हे पोस्टर विचारू शकत नाही.

त्या रात्रीची दुरुस्ती

तर मावशी निघून गेल्या. हॉल बंद व्हायला अजून तास होता. आमच्यातल्या एका मैत्रिणीने वहीचा कोरा कागद घेतला, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि सात नंबरच्या पोस्टरवर कोडच्या चारी बाजूंना चिकटवल्या. बाकी काहीच बदललं नाही. टेबल बाजूला सरकवलं, माझा फोन अगदी जवळ नेला, आणि लिंक आली! तिचा जुना फोन मात्र तरीही अडला होता.

या एका प्रयोगाने रोग ओळखता आला. तुमच्या समोर असा हट्टी कोड आला तर हेच करून बघा. कागदाच्या पट्ट्या लावल्यावर चालला, तर दोष कोऱ्या जागेचा. जवळून चालतो आणि लांबून नाही, तर दोष आकाराचा, किंवा घरं फार दाट आहेत. एका बाजूला सरकल्यावर चालतो, तर वरचा दिवा लॅमिनेशनवर चमकतोय. आणि काहीही केलं तरी चालत नाही, तर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून रंग बघा.

पण थांबा, फजिती अजून संपली नव्हती. माझ्या फोनवर आवाज सुरू झाला, म्हणून मैत्रिणीने दुसऱ्या एकाच्या नव्या फोनवर तोच कोड स्कॅन केला. लिंक उघडली आणि पान म्हणालं, ही फाइल बघायला मालकाची परवानगी मागा. मालक मीच! माझ्या फोनवर मी लॉग-इन होतो, म्हणून मला ती उघडत होती. बाकी कुणालाच उघडली नसती. कोड उत्तम छापला असता तरी मावशींना आवाज ऐकू आलाच नसता.

मग मी तपासलं तरी कसं होतं? लॅपटॉपच्या पडद्यावर. पांढऱ्या पानावर, वीतभर मोठा कोड, माझाच फोन. म्हणजे कोरी जागा भरपूर, आकार मोठा, रंग काळा, खातं माझं. पोस्टरवर यातलं एकही नव्हतं. मी केलेली चाचणी दुसऱ्याच कोडची होती.

रात्री बसून सगळं नव्याने केलं. आधी फाइल सगळ्यांना उघडेल अशा जागी ठेवली आणि लिंक छोटी केली. या चालीची, बघा:

```
https://example.org/g07
```

मोजा, २३ अक्षरं. एम पातळीवर २५ घरांच्या कोडमध्ये २६ अक्षरं मावतात, म्हणजे आरामात बसली. हॉलच्या आत टांगायचं पोस्टर, तिथे तेल लागणार नाही की पाऊस लागणार नाही, एम पुरे. कोडची रुंदी ठेवली दहा सेंटिमीटर. एक घर झालं चार मिलिमीटरचं. चार घरांची कोरी जागा म्हणजे प्रत्येक बाजूला सोळा मिलिमीटर. सगळा मिळून पांढरा चौकोन १३.२ सेंटिमीटरचा. आमचं पोस्टर ४२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कोडने घेतला. जीवावर आलं, पण घेतला.

कोडची फाइल या वेळी एसव्हीजी घेतली. ती रेघांच्या हिशेबाने बनते, म्हणून कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहतात. आधीची फाइल व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे पाठवून मऊ पडली होती. घरांच्या कडांना धुकं धरलं होतं. काळी शाई, पांढरा कागद, चमक नसलेला. त्या चौकोनाखाली एक ओळ टाकली, 'स्कॅन करा आणि ऐका', आणि त्याखाली लिंक अक्षरांत. ही ओळ कोऱ्या जागेच्या बाहेर टाकली, हे सांगायला नकोच.

आणि चौदा छापण्याआधी एकच छापला, खऱ्या मापाचा. सकाळी हॉलमध्ये नेऊन त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर लावला. टेबल होतं तिथे ठेवलं आणि लोक जिथे उभे राहतात तिथून तपासलं. तीन फोन घेतले. एक नवा, एक मैत्रिणीचा जुना, आणि एक हॉलच्या वॉचमनकाकांचा, ज्यात आमच्यापैकी कुणाचंच खातं नव्हतं. सरळ, डावीकडून, उजवीकडून. मग खिडक्या बंद करून, ट्यूबलाइट लावून पुन्हा. प्रत्येक वेळी नुसती लिंक येते का एवढंच नाही बघितलं, आवाज सुरू होतो का ते बघितलं. काकांच्या फोनवर खिडकीच्या उजेडात पटकन झालं, ट्यूबलाइटमध्ये दोन सेकंद लागले. चालेल म्हटलं. मग बाकीचे तेरा छापले, जुन्या कोडवर चिकटवले आणि प्रत्येक एकदा स्कॅन केला. चौदा वेगळे कोड आहेत, एक बरोबर म्हणजे सगळे बरोबर असं नसतं. अकरा नंबरच्या पोस्टरवर बाराचा कोड लागला होता, तो तिथे सापडला.

कोरी जागा आणि मोकळा परवाना

हाराच्या कोडची पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. डेन्सोने पेटंट स्वतःकडे ठेवलं, पण मानकाप्रमाणे कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं. २००२ च्या सुमारास जपानमध्ये कोड वाचणारे मोबाइल फोन आले आणि कारखान्यातली चिठ्ठी रस्त्यावर आली. आपल्याकडे २०१६ ला यूपीआय सुरू झालं आणि काही वर्षांत प्रत्येक टपरीवर तो चौकोन लटकायला लागला. कुणालाही, कुठेही, फुकट छापता येतो म्हणून मी तो छापू शकलो. पण 'मानकाप्रमाणे' ही अट पेटंटपुरती नव्हती, हे मला लालबागमध्ये कळलं. मानकातली ती चार घरांची कोरी जागा आहे ती हाराने पत्रकांतून आणि पुठ्ठ्यांतून शोधलेलं प्रमाण यंत्राला दिसावं म्हणून. गर्दीत आपला कोड ओळखू यावा म्हणून. मी नेमकी तीच कात्रीने उडवली होती.

मावशींचा नंबर रेकॉर्डिंगच्या वेळचा वहीत होता. दुसऱ्या दिवशी फोन केला, चूक आमची होती म्हणून सांगितलं. संध्याकाळी त्या आल्या, नातू सोबत होताच. त्याने टेबलाच्या अलीकडूनच फोन धरला. आवाज सुरू झाला तो त्यांच्या यजमानांच्या खोकल्याने, कारण रेकॉर्डिंगची सुरुवात मी कापली नव्हती. मावशी लगेच म्हणाल्या, "हां, हेच." पुढचे सहा मिनिटं त्यांनी फोन कानापासून हलवला नाही.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. पुढच्या भागात कानबानच्या चिठ्ठ्यांकडे जरा निवांत बघू, कारण त्यांची स्वतःची एक गोष्ट आहे. तोपर्यंत तुमच्या गल्लीत एखादं पोस्टर दिसलं, तर डोळ्यांच्या बाहेरची घरं मोजून बघा. चार आहेत का?

भेटू या.